न वाचताच ‘वाचलेलं’ शुद्धिपत्रक

बेळगावात लहान कारखानदारांची आणि ठेकेदारांची ऑनलाइन टेंडरं भरून देणं हा माझा धंदा. टिळकवाडीत एक गाळा आहे, दोन कॉम्प्युटर आहेत, आणि गिऱ्हाइकांच्या डिजिटल सहीच्या टोकनांनी भरलेला एक खण आहे. ती टोकनं खरं म्हणजे ज्याच्या त्याच्याकडंच असायला हवीत. पण दर वेळी कोण खानापूर-निपाणीहून सही घेऊन धावत येणार, म्हणून ती माझ्याकडं राहतात. असो, तो विषय वेगळा.

खानापूरच्या तात्यांचा स्टील फर्निचरचा कारखाना आहे. कपाटं, बाकं, वसतिगृहातल्या लोखंडी कॉट. केंद्र सरकारच्या एका संस्थेनं कॉटचं टेंडर काढलं तेव्हा ते मीच भरलं. दोन पाकिटांचं टेंडर होतं, म्हणजे एका पाकिटात तांत्रिक कागद आणि दुसऱ्यात दर. तांत्रिक पाकीट पास झालं तरच दराचं उघडतं. तात्यांचं उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र असल्यामुळं अनामत रकमेची सूट होती, कागद सगळे तयार होते, म्हणून शेवटच्या तारखेची वाट न बघता आधीच भरून टाकलं. शेवटच्या दिवशी सर्व्हर रडतो हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. पोर्टलनं बिड क्रमांक असलेली पोचपावती दाखवली, मी तिची प्रिंट काढून फाइलला लावली आणि दुसऱ्या कामाला लागले.

पुढं तांत्रिक छाननीचा निकाल पोर्टलवर आला. तात्यांचं नाव नामंजूर झालेल्यांत होतं. कारणाच्या रकान्यात एवढंच, की शुद्धिपत्रक १ नुसार सुधारित अनुपालन तक्ता जोडलेला नाही.

कुठलं शुद्धिपत्रक? टेंडरचं पान उघडून खाली गेले तर होतं तिथं. आम्ही बिड भरल्यानंतर टाकलेलं. मूळ टेंडरमध्ये कॉटचा पाइप १८ गेजचा मागितला होता, तो १६ गेजचा केला होता. त्याप्रमाणं तांत्रिक अनुपालनाचा नवा तक्ता सही करून अपलोड करायचा होता आणि त्यासाठी बिड भरायची मुदतही आठवडाभर वाढवली होती. गेज कमी म्हणजे पत्रा जाड. १८ गेज सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर, १६ गेज १.६ मिलिमीटर. म्हणजे तेवढ्याच लांबीच्या पाइपात लोखंड जवळपास एक तृतीयांश जास्त. एका कॉटला २० किलो पाइप लागतो असं धरलं, तर तो २७ किलोच्या घरात जातो. तात्यांचा दर १८ गेजचा होता. त्यामुळं मला आधी वाटलं ते हे, की जुन्या दरात ऑर्डर मिळाली असती तर तात्या आणखी खड्ड्यात गेले असते. पण हे समाधान गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

खरी हळहळ त्या वाढीव आठवड्याची होती. या पोर्टलवर मुदत संपेपर्यंत भरलेलं बिड पुन्हा भरता येतं. ‘मागे घेणं’ तेवढं टाळायचं, कारण एकदा मागे घेतलं की त्या टेंडरला परत येता येत नाही. पण पुन्हा भरणं म्हणजे नवा तक्ता जोडायचा, नवा दर टाकायचा, परत सही करायची. तासाभराचं काम. कुणाला कळलं असतं तर.

आणि कळायला हवं होतं. टेंडर आपल्या ‘माय टेंडर्स’मध्ये घेतलं की त्याच्यावर शुद्धिपत्रक निघाल्यावर पोर्टल नोंदलेल्या पत्त्यावर मेल आणि एसएमएस पाठवतं. ते मी पहिल्याच दिवशी घेतलेलं. मेलचा पत्ता कारखान्याचा, जीमेलचा. तो मेल बघायचं काम मामांचं.

मामा म्हणजे तात्यांच्या ऑफिसातले क्लार्क. कुणाचे सख्खे मामा नव्हेत, पण कारखान्यातली पोरंटोरं मामा म्हणतात म्हणून सगळा बाजार मामा म्हणतो. पन्नाशी ओलांडलेली, वही चोख, बिलं चोख, कॉम्प्युटर स्वतःच्या हिमतीवर शिकलेले. तात्यांना फोन केला तेव्हा त्यांच्या मुलानं लगेच मोबाइलवर शोधलं आणि मेल सापडला. आलेला होता, वेळेत आलेला होता. आणि ठळक अक्षरात नव्हता, म्हणजे उघडून वाचलेला.

“मामांनी वाचून ठेवलाय आणि सांगितला नाही,” तात्या फोनवर म्हणाले. “एवढी वर्षं काम करालेत, खरं आता ध्यान नाही त्यांचं.” मागून मामांचा आवाज येत होता, “मी वाचलोच नाही हो, तात्या.” आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात आणि ‘मी वाचलं’ऐवजी ‘मी वाचलो’ म्हणतात. बाहेरच्या वाचकाला हे सांगून ठेवलेलं बरं.

मला हे पटेना. मामा एखादा कागद विसरतील, पण टेंडरचा मेल वाचून गप्प बसणारा माणूस हा नव्हे. शिवाय पोर्टलच्या मेलचा भरवसा धरावा की नाही, हे मलाही माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी बघायचं होतं. म्हणून सकाळच्या बसनं खानापूरला गेले. सरकारी बसला आम्हा बायकांना शून्य रुपयाचं तिकीट, तेव्हा तपासाचा खर्च काही नव्हता.

ऑफिसात मामा कॉम्प्युटरसमोर बसून होते, कुणाशी बोलत नव्हते. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि जीमेलच्या शोधपट्टीत टाइप केलं:

```
in:anywhere corrigendum
```

नुसता शब्द टाकला तर स्पॅम आणि कचऱ्यातले मेल शोधात येत नाहीत. `in:anywhere` लावलं की सगळं येतं. तोच मेल समोर आला. तो उघडण्याआधी त्या ओळीकडं नीट बघायचं असतं. शोधात सापडलेला मेल जर इनबॉक्समध्ये असेल, तर विषयाच्या आधी राखाडी चौकटीत Inbox असं लिहिलेलं दिसतं. इथं ते नव्हतं. त्या जागी दुसरीच चौकट होती, `Auto`.

“मामा, हे Auto काय आहे?”

“ते होय? ते मीच केलोय,” मामा म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच जरा उजळले. “बँकेचे, जीएसटीचे, वीजबिलाचे मेल येऊन येऊन डोकं उठत होतं अक्का. गिऱ्हाइकाचा मेल त्यातच हरवायचा. म्हणून ते सगळे बाजूला टाकायचा नियम केलो.”

कल्पना चुकीची नव्हती. रोज पन्नास रुपये जमा आणि शंभर रुपये वजा याचे मेल ज्याच्या इनबॉक्समध्ये पडतात, त्यानं कधीतरी हे करावंच. मी उजवीकडच्या दातेरी चाकावर क्लिक करून See all settings उघडलं आणि Filters and Blocked Addresses या पानावर गेले. एकच नियम होता:

```
Matches: "do not reply"
Do this: Skip Inbox, Mark as read, Apply label "Auto"
```

मामांचा हिशेब असा, की माणूस कधी ‘उत्तर देऊ नका’ असं लिहीत नाही, ते यंत्रच लिहितं. तेव्हा ज्या मेलात ते शब्द, तो यंत्राचा, तो बाजूला. हा हिशेबही बरोबरच आहे. फक्त टेंडरचं पोर्टलसुद्धा यंत्रच आहे. शुद्धिपत्रकाच्या मेलच्या अगदी तळाशी, सहीच्या जागी, तेच वाक्य होतं: हा मेल आपोआप तयार झाला आहे, please do not reply.

नियम करताना From चा रकाना मामांनी रिकामा ठेवला होता आणि शब्द Has the words मध्ये टाकले होते. त्या रकान्यातले शब्द जीमेल नुसते विषयात शोधत नाही, मेलच्या सगळ्या मजकुरात शोधतं. कुणाकडूनही आलेला, कशाहीबद्दलचा मेल असो, तळाशी ती ओळ असली की गेला. यापूर्वी पोर्टलकडून आलेल्या मेलचंही हेच झालं होतं, पण ते कुणाला जाणवलं नाही. बिडची पोचपावती मी पडद्यावरून छापून घेतलेली, तिच्या मेलची वाट कोण बघतंय?

आता त्या नियमातल्या तिन्ही कामांकडं बघा. Skip Inbox म्हणजे मेल इनबॉक्समध्ये उतरतच नाही, थेट All Mail मध्ये जातो. तो इनबॉक्समध्ये न आल्यामुळं तात्यांच्या आणि मुलाच्या मोबाइलवर घंटी वाजली नाही. Apply label नं त्याला Auto ची चिठ्ठी लागली. एवढंच असतं तर डावीकडच्या यादीत Auto पुढं न वाचलेल्यांचा आकडा वाढत गेला असता आणि कधीतरी कुणीतरी तिथं डोकावलं असतं. पण Mark as read नं तोही रस्ता बंद केला. आकडा कायम शून्य. त्यात मामांनी त्या लेबलला show if unread ही खूण केलेली, म्हणजे न वाचलेलं काही असेल तरच लेबल यादीत दिसायचं. वाचायचं राहिलेलं तिथं कधी काही नसणारच, त्यामुळं ते लेबल More च्या खाली दडून बसलेलं. तिन्ही खुणा वेगवेगळ्या असताना निरुपद्रवी आहेत. माझं मत विचाराल तर या तिघींत घातक आहे ती Mark as read. बाजूला ठेवलेला मेल उशिरा का होईना सापडतो. वाचलेला म्हणून बाजूला ठेवलेला मेल सापडला तरी माणसावर आळ आणतो.

तात्यांना हे तोंडी सांगून पटलं नाही. “नियम वाचला म्हणजे काय? उघडला कुणी तरच वाचला न्हवं?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मेल कुणी उघडला याची नोंद जीमेल कुठं दाखवत नाही. पानाच्या तळाशी Last account activity असतं, पण त्यात खातं अलीकडं कुठून उघडलं तेवढंच कळतं, कुठला मेल उघडला ते नाही. म्हणून मी दुसरा मार्ग धरला. माझ्या मोबाइलवरून कारखान्याच्या पत्त्यावर दोन मेल पाठवले. पहिल्यात लिहिलं, ‘तात्या, चहा सांगा.’ तात्यांच्या खिशात टुण्णकन वाजलं. दुसऱ्यात तेच वाक्य, आणि खाली please do not reply. मोबाइल गप्प. तात्यांनी इनबॉक्स खालीवर केला, मेल नाही. मग Auto लेबल उघडून दाखवलं. माझा मेल सगळ्यात वर होता, आणि अक्षरं साधी, ‘वाचलेली’. आम्ही तिघंही समोर बसलेले, कुणी हात लावला नव्हता.

तात्या मामांकडं बघून काही बोलले नाहीत. मुलाला म्हणाले, “चहा सांग की रे, अक्का दोनदा मागितल्या.” त्यांची माफी मागायची पद्धत तेवढीच.

ही दोन मेलची चाचणी मी आता सगळ्या गिऱ्हाइकांकडं करते. नियम वाचून कळत नाही ते यातून कळतं. मात्र चाचणीचा मेल दुसऱ्या खात्यावरून पाठवायचा. स्वतःच स्वतःला पाठवलेला मेल वेगळा वागू शकतो.

मग त्या लेबलमध्ये आणखी काय पुरलं गेलंय ते बघायला बसलो. बहुतेक कचराच होता, मामांचा अंदाज तिथं खराच होता. पण त्यात एका गिऱ्हाइकानं केलेल्या पेमेंटची सूचना निघाली, ज्याच्या पैशासाठी मामा त्या माणसाला फोनवर फोन करत होते. ते बघून मामांनी कपाळाला हात लावला.

दुरुस्ती करताना मुलानं मोबाइलवरच नियम काढायला घेतला, पण जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये हे नियम दिसतही नाहीत आणि बदलताही येत नाहीत. ते कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्येच करावं लागतं. मालकाच्या हातात फक्त मोबाइल आणि नियम ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर केलेला, असं असलं की मालकाला असा काही नियम आहे याचा पत्ताच लागत नाही. आणखी एक गैरसमज तिथंच निघाला. नियम पुसला की जुने मेल आपोआप इनबॉक्समध्ये परत येतात असं मामांना वाटत होतं. येत नाहीत. लेबल उघडून, हवे ते निवडून, Move to inbox करावं लागतं.

मुलाचं म्हणणं, जुना नियम असू दे, टेंडरसाठी दुसरा नियम करू, त्यात corrigendum आणि tender हे शब्द टाकून तारा लावू. हे ऐकायला बरं वाटतं, पण चालत नाही. जीमेलमध्ये एका मेलला जेवढे नियम लागू पडतात तेवढे सगळे चालतात, वरचा-खालचा असा क्रम नसतो. ‘इनबॉक्समध्येच ठेव’ अशी खूण तर यादीत नाहीच. म्हणजे एक नियम तारा लावेल आणि दुसरा तोच तारा लावलेला मेल उचलून बाजूला टाकेल. सूट द्यायची असेल तर ती पुरणाऱ्या नियमाच्या आतच द्यावी लागते, Doesn't have च्या रकान्यात.

तीही मी दिली नाही. कारण शब्दावर विसंबलं की आमच्या भागात वेगळीच पंचाईत होते. केंद्राच्या पोर्टलचे मेल इंग्रजीत, राज्याच्या खात्यांचे कन्नडमध्ये, आणि गिऱ्हाइकांचे मराठीत किंवा मराठी-इंग्रजीच्या खिचडीत. tender हा शब्द सूट म्हणून लिहिला तर कन्नड लिपीतल्या ‘टेंडर’ला तो लागू होत नाही. किती लिप्यांत किती शब्द लिहिणार? म्हणून शब्द काढूनच टाकले आणि पाठवणाऱ्यावर नियम बांधला. Auto मधला बँकेचा एक जमा-खर्चाचा मेल उघडला, तीन ठिपक्यांच्या मेनूतून Filter messages like these घेतलं. त्यात From मध्ये त्या बँकेचा नेमका पत्ता आपोआप येतो. नुसतं बँकेचं नाव लिहायचं नाही, कारण त्याच बँकेच्या शाखेतून कर्जाबद्दल माणूसही लिहितो. Skip Inbox ठेवलं, लेबल ठेवलं, Mark as read काढलं. आता Auto पुढं आकडा चढत राहतो आणि मामा शनिवारी एकदा तो उघडून शून्यावर आणतात. जीएसटीचे मेल इनबॉक्समध्येच राहू दिले. त्यातल्या नोटिशीला मुदत असते, तिथं असला खेळ नको.

तात्यांनी मध्येच विचारलं, संस्थेला पत्र लिहून काही होईल काय. मी लिहून दिलं, पण आधीच सांगितलं की आशा ठेवू नका. टेंडरच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं होतं, की शुद्धिपत्रकं पोर्टलवर निघतील आणि ती बघत राहणं बिडदाराचं काम. मेल ही पोर्टलनं दिलेली सोय, ती पोचली नाही याची तक्रार कुणी ऐकत नाही. आणि इथं तर ती पोचलेली होती. उत्तर तसंच आलं.

त्यामुळं मेलचं सगळं नीट करूनही खरी राखण पोर्टलवरच करायची असं ठरलं. आता मामा रोज सकाळी लॉगिन होतात, ‘माय टेंडर्स’मधलं चालू असलेलं एकेक टेंडर उघडतात आणि खाली शुद्धिपत्रकांची यादी बघतात. काही नसलं तरी वहीत तारीख टाकून ‘नाही’ लिहितात. मुदत वाढली का तेही त्यातच कळतं. शेवटच्या दिवशी हे काम दोनदा, आणि वेळ पोर्टलवर दिसते ती धरायची, भिंतीवरच्या घड्याळाची नाही, कारण बिड बंद होतं ते सर्व्हरच्या घड्याळानं.

एसएमएसचं राहिलंच. मेल गेला तरी मोबाइलवर संदेश यायला हवा होता, तो का आला नाही? मामांनी पोर्टलवरचं प्रोफाइल उघडलं तर तिथं नंबर होता तात्यांच्या जुन्या भागीदाराचा. भागीदारी मोडून बरीच वर्षं झालेली आणि दोघांत बोलणंचालणं नाही. म्हणजे कारखान्याच्या प्रत्येक टेंडरच्या सूचना आजवर त्या गृहस्थांच्या खिशात जात होत्या. तात्या एकदम उठून उभे राहिले.

“बदला तो आत्ताच्या आत्ता!”

मामा बदलायला लागले, तर जुन्या सहीची मुदत संपलेली. नवी डिजिटल सही येईपर्यंत प्रोफाइल तसंच ठेवावं लागणार होतं. मी टोकन पर्समध्ये टाकलं, तात्यांचे आधार आणि पॅनचे कागद घेतले आणि दुपारची बस धरली.